एका परिच्छेदातला मोटर कंट्रोलर

भोसरी, चाकण, नाशिकचं अंबड, छत्रपती संभाजीनगरजवळचं वाळूज या औद्योगिक पट्ट्यांत मोटरी आणि त्या चालवणारी इलेक्ट्रॉनिक कार्डं यांवर काम करणारे लहानमोठे उद्योग आहेत. छताचा पंखा, पाण्याचा पंप, ई-स्कूटर, अशा सगळ्या ठिकाणी ब्रश नसलेली मोटर, म्हणजे बीएलडीसी, शिरली आणि तिच्याबरोबर एक मायक्रोकंट्रोलरही आला. त्या चिपमध्ये बसून मोटर चालवणारा प्रोग्रॅम म्हणजे फर्मवेअर. ते लिहिणाऱ्या विभागात ट्रेनीची जागा निघाली की पॉलिटेक्निकमधून नुकतीच बाहेर पडलेली मुलं-मुली अर्ज करतात. अर्जासोबत कव्हर लेटर असतं आणि त्यात बहुधा एक वाक्य असतं : अंतिम वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये मोटर कंट्रोलर केला.

या वाक्याचं पुढे काय करायचं, हा या लेखाचा विषय आहे. ते वाक्य नुसतं राहिलं तर वाया जातं. त्याचा सात-आठ ओळींचा नीट परिच्छेद झाला तर डिप्लोमाच्या मुलाला पदवीधरांच्या रांगेतही बोलावणं येऊ शकतं. असं का होतं, हे समजायला आधी पत्र कोण वाचतं ते पाहायला हवं.

पहिली चाळणी मनुष्यबळ विभागाची असते. तिथे शाखा, टक्केवारी, उत्तीर्ण होण्याचं वर्ष आणि राहिलेले विषय बघतात. या टप्प्यावर पत्र फारसं कुणी वाचत नाही आणि पत्राने टक्केवारी बदलत नाही. चाळणीतून उरलेले अर्ज फर्मवेअर विभागाच्या प्रमुखाकडे जातात. त्याच्या टेबलावर चालू कामाचं कार्ड पडलेलं असतं, ऑसिलोस्कोपचे प्रोब लावलेले असतात, आणि अर्ज वाचायला जेवणानंतरचा थोडा वेळ असतो. ट्रेनीला सगळं येत असेल अशी त्याची अपेक्षाच नसते. चिप कुठली वापरली याचंही त्याला फार वाटत नाही, कारण त्याच्याकडची चिप बहुधा वेगळीच असते. टायमर, इंटरप्ट आणि एडीसी ही तीन अंगं सगळीकडे सारखीच आहेत. त्याला एवढंच जाणून घ्यायचं असतं : काहीतरी बिघडल्यावर हा मुलगा किंवा ही मुलगी काय करते? अंदाजाने कोडमधल्या ओळी बदलत बसते, की आधी मोजते?

आता नेहमी येणारा परिच्छेद बघू. त्याचा साचा असा असतो : "अंतिम वर्षात आम्ही एसटीएम32 वापरून बीएलडीसी मोटर कंट्रोलर बनवला. त्यात आयआर2110 गेट ड्रायव्हर, आयआरएफ540 मॉसफेट, हॉल सेन्सर आणि पीआय कंट्रोल वापरला. प्रोजेक्ट यशस्वी झाला व कार्यक्षमता 30 टक्क्यांनी वाढली. मी मेहनती असून नवीन गोष्टी लवकर शिकतो." यातलं पहिलं वाक्य ठीक आहे. दुसरं वाक्य ही सुट्या भागांची यादी आहे. ती पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानाच्या बिलावरूनही मिळाली असती. तिसरं वाक्य नुकसान करतं. कार्यक्षमता म्हणजे शाफ्टवर मिळालेली यांत्रिक शक्ती भागिले आत गेलेली विद्युत शक्ती. ती काढायची तर वेगासोबत टॉर्कही मोजावा लागतो आणि त्यासाठी काही ना काही डायनामोमीटरची सोय लागते. ती नसताना 30 टक्के कुठून आले, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात लगेच येतो, आणि उत्तर नाही हेही त्याला कळतं. चौथं वाक्य सगळ्यांच्याच पत्रात असतं.

वाचणाऱ्याच्या मनात आणखी एक शंका असते आणि ती रास्त आहे. तयार प्रोजेक्ट विकत मिळतात. कार्ड, कोड, अहवाल, सगळं एका पिशवीत. भागांची यादी असलेल्या परिच्छेदावरून विकत घेतलेला प्रोजेक्ट आणि रात्री जागून केलेला प्रोजेक्ट वेगळे ओळखता येत नाहीत. ज्याने खरंच केला, त्याच्यावर हा अन्याय आहे; पण तो दूर करणं त्याच्याच हातात आहे. विकत घेतलेल्या प्रोजेक्टसोबत एक गोष्ट कधीच मिळत नाही : तो कुठे अडला होता आणि का, याची हकीकत.

म्हणून माझं स्पष्ट मत असं आहे की मोटर कंट्रोलरच्या परिच्छेदाचा गाभा एका बिघाडाचा असावा. बिघाड कसा दिसला, काय मोजलं, कारण काय निघालं, काय बदललं आणि अजून काय राहिलं. एकच बिघाड, पण तपशिलासह. हे प्रत्यक्षात कसं होतं ते बघायला एक उदाहरण तळापर्यंत नेऊ.

समजा मोटर आठ ध्रुवांची, म्हणजे चार जोड्यांची आहे. तिच्यात तीन हॉल सेन्सर आहेत. रोटर फिरतो तशी या तिघांची पातळी आळीपाळीने बदलते आणि विद्युत चक्राच्या एका फेरीत असे सहा बदल होतात. ध्रुवांच्या जोड्या चार, म्हणून शाफ्टच्या एका फेरीत 24 बदल. या प्रत्येक बदलाला प्रयोगशाळेत सगळे एजच म्हणतात. कुठल्या क्षणी कुठल्या गुंडाळीत प्रवाह सोडायचा, हे हॉलच्या स्थितीवरून ठरतं. वेगही त्यावरूनच मोजतात : दोन एजमध्ये किती वेळ गेला तो टायमरने मोजायचा आणि उलटा भागाकार करायचा. टायमर दर मायक्रोसेकंदाला एक काउंट पुढे जात असेल, तर मिनिटाचे सहा कोटी मायक्रोसेकंद भागिले 24, म्हणजे 25 लाख. 25 लाखांना मधल्या काउंटने भागलं की आरपीएम मिळतो. मिनिटाला 3000 फेऱ्यांना दोन एजमधलं अंतर 833 काउंट येतं, भागाकार बरोबर.

कोडमध्ये हे असं दिसतं :

```c
uint16_t now = TIM2->CCR1;
uint16_t period = now - last;
last = now;
rpm = 2500000UL / period;
```

चाचणीच्या दिवशी मोटर 1000 वर, 2000 वर, 3000 वर छान चालते. 60 आरपीएमवरही चालते. मग कुणीतरी वेगाचं लक्ष्य 30 वर आणतं. मोटर हळू होत जाते, पडद्यावर आकडा 45, 42, 39 असा उतरतो, मग अचानक हजारांत उडी मारतो आणि मोटर थांबते. थांबलेली मोटर, पडद्यावर काहीशे किंवा काही हजार आरपीएम. पुन्हा चालू होत नाही. रीसेट दाबलं की सुरू होते, आणि 30 कडे जाताना पुन्हा तेच.

इथे बहुतेक गटांत पहिला निष्कर्ष निघतो : नॉइज. तो निष्कर्ष अगदीच चुकीच्या जागेवरून येत नाही, कारण मोटरच्या कार्डावर खरोखर नॉइज असतो. मग हॉलच्या तारांवर कपॅसिटर लावले जातात, तारा पिळल्या जातात, ग्राउंड बदललं जातं. काही केल्या फरक पडत नाही. शेवटी सादरीकरणात 30 आरपीएम दाखवायचंच नाही असं ठरतं आणि पत्रात "प्रोजेक्ट यशस्वी झाला" असं लिहिलं जातं. म्हणजे सगळ्यांत मोलाची गोष्ट पत्रातून नेमकी गाळली जाते.

मोजणारा विद्यार्थी काय करतो? आधी तो पीआय कंट्रोल बंद करतो, म्हणजे वेगाचा आकडा बघून पीडब्ल्यूएम बदलण्याचं काम प्रोग्रॅमकडून काढून घेतो आणि पीडब्ल्यूएम हाताने ठरवतो. आता मोटर सावकाश पण न थांबता फिरते. शाफ्टवर तो पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा लावतो. 30 आरपीएम म्हणजे दोन सेकंदांत एक फेरी. हे मोबाइलच्या स्टॉपवॉचवर डोळ्यांनी मोजता येतं, टॅकोमीटर लागत नाही. डोळे सांगतात 30. पडदा सांगतो 140. नॉइज असता तर आकडा वरखाली उडत राहिला असता. हा 140 च्या आसपासच ठाम बसून आहे. गणित चुकत असलं की आकडा असा बसतो.

140 कुठून आले? 30 आरपीएमला सेकंदाला 12 एज येतात, म्हणजे दोन एजमध्ये 83.3 मिलिसेकंद, म्हणजे 83,333 काउंट. पण टायमर 16 बिटांचा आहे. तो 65,535 पर्यंत मोजतो आणि पुन्हा शून्यावर येतो. 83,333 मधून 65,536 वजा केले की 17,797 उरतात. 25 लाख भागिले 17,797, उत्तर 140. पडद्यावरच्या आकड्याचं मूळ हे.

इथून पुढची एक गोष्ट मला फार आवडते. वरच्या कोडमध्ये period कितीही झालं तरी 65,535 च्या वर जाऊ शकत नाही. 25 लाख भागिले 65,535 म्हणजे 38. म्हणजे या प्रोग्रॅमला 38 पेक्षा कमी वेग दिसणंच शक्य नव्हतं. मोटर 38 च्या जरा खाली गेली की उरलेले काउंट अगदी थोडे, आणि भागाकार हजारांत. 30 ला 140. 25 ला 72. खाली कुठेही गेलं तरी वाचन 38 किंवा जास्तच. लक्ष्य 30 आहे, दिसणारा वेग कायम त्याहून जास्त आहे, म्हणून पीआय कंट्रोल पीडब्ल्यूएम कमी करत शून्यावर नेतो. मोटर थांबते. थांबल्यावर एज येत नाहीत, त्यामुळे शेवटचा चुकीचा आकडा तसाच राहतो, आणि तो आकडा मोठा असल्यामुळे मोटर पुन्हा सुरू होण्याचा मार्गच बंद. सगळी लक्षणं एका कारणातून निघतात : उडी, थांबणं, थांबूनही दिसणारा वेग, रीसेटनंतर पुन्हा चालणं. नोंदवलेले आकडे उघडून त्यांत 38 च्या खालचा एकही नाही हे दाखवता आलं की शंका उरत नाही.

उपाय दोन तऱ्हांचे आहेत. टायमर किती वेळा शून्यावर आला ते इंटरप्टमध्ये मोजून period मध्ये मिळवायचं. किंवा टायमरच सावकाश चालवायचा. 72 मेगाहर्ट्झच्या घड्याळाला 288 ने भागलं की सेकंदाला अडीच लाख काउंट होतात आणि टायमर भरायला 65 ऐवजी 262 मिलिसेकंद लागतात. आता मर्यादा साडेनऊ आरपीएमवर आली. शिवाय 250 मिलिसेकंदांत एकही एज आला नाही तर वेग शून्य मानायचा. 250 मिलिसेकंद म्हणजे 10 आरपीएम, म्हणून टायमर भरण्याच्या आधीच प्रोग्रॅम मोटर थांबली असं धरतो आणि चुकीचा आकडा तयारच होत नाही. याची किंमतही आहे. 3000 आरपीएमला दोन एजमध्ये आता फक्त 208 काउंट असतात. एका काउंटचा फरक पडला तर आकडा सुमारे 14 आरपीएमने हलतो. पंख्यासाठी हे चालेल, दुसऱ्या कशासाठी चालणार नाही. निवड का केली हे सांगता येणं इथे निवडीइतकंच महत्त्वाचं आहे.

आता एवढं सगळं पत्रात लिहायचं नाही. पत्र एका पानाचं. ते बहुतेक कंपन्यांत इंग्रजीत जातं, पण मजकूर आधी मराठीत मांडून बघितला तर विचार सरळ राहतो आणि इंग्रजीतली ठोकळेबाज वाक्यं आपोआप गळतात. हा बिघाड शोधणाऱ्या एखाद्या विद्यार्थिनीचं पत्र असं होईल :

"विषय : फर्मवेअर ट्रेनी पदासाठी अर्ज.

महोदय, आपल्या कंपनीत पंपांसाठी बीएलडीसी कंट्रोलर तयार होतात आणि फर्मवेअर विभागात ट्रेनी घ्यायचे आहेत, असे जाहिरातीत वाचले. मी या वर्षी इलेक्ट्रॉनिक्स व टेलिकम्युनिकेशनचा डिप्लोमा पूर्ण केला आहे.

अंतिम वर्षात चौघांच्या गटाने 24 व्होल्टच्या बीएलडीसी मोटरसाठी एसटीएम32 एफ103 वर वेगनियंत्रक तयार केला. कार्ड व पॉवर भाग दोन सहकाऱ्यांनी आणि अहवाल व चाचणीची मांडणी एकाने केली. हॉल सेन्सर वाचणे, वेगमोजणी आणि पीआय कंट्रोल यांचा कोड मी लिहिला. 38 आरपीएमच्या खाली मोटर थांबत असे आणि पडद्यावर वेग हजारांत दिसे. कंट्रोल बंद करून स्टॉपवॉचने मोजल्यावर मोटर 30 वर असताना प्रोग्रॅम 140 दाखवतो हे आढळले. 16 बिटांचा टायमर दोन एजच्या मध्ये भरून पुन्हा शून्यावर येत होता. टायमरचा वेग चौपट कमी केला आणि 250 मिलिसेकंदांत एज न आल्यास वेग शून्य धरला. आता मोटर 30 आरपीएमवर न थांबता चालते, मात्र तिथे वेग काहीसा हलतो. हॉलच्या सहा एजची सरासरी घेऊन तो स्थिर करण्याचे काम अपुरे आहे. प्रवाहावर मर्यादा घालणारे सर्किट आम्ही बसवले नाही. चाचणी प्रवाहमर्यादा असलेल्या पॉवर सप्लायवर केली.

कोड आणि कमी वेगाच्या चाचणीचा छोटा व्हिडिओ सोबतच्या दुव्यावर आहे. या वर्षी मी पूर्णवेळ पदवीला प्रवेश घेणार नाही. याआधी अप्रेंटिसशिप केलेली नाही. आपण बोलवाल त्या दिवशी कार्डासह येऊ शकते."

पत्र एवढंच आहे. त्यातल्या काही वाक्यांवर थोडं थांबायला हवं.

सहकाऱ्यांनी काय केलं हे सांगणारं वाक्य मुलं टाळतात, कारण आपलं काम लहान दिसेल अशी भीती वाटते. प्रत्यक्षात उलट होतं. पॉलिटेक्निकचे प्रोजेक्ट गटात होतात हे वाचणाऱ्याला माहीत असतं. सगळंच "आम्ही" केलं असं लिहिलं की तुझा वाटा नेमका किती, हे विचारण्यात मुलाखतीची पहिली दहा मिनिटं जातात. वाटा सांगितला की तीच दहा मिनिटं त्या भागाबद्दल बोलायला मिळतात. गटातल्या चौघांनी एकाच कंपनीत अर्ज केला आणि चौघांच्याही पत्रात "कोड मी लिहिला" असेल, तर चौघांचीही पत्रं बाजूला पडतात. अर्ज पाठवण्याआधी गटाने एकत्र बसून कोण काय लिहिणार हे ठरवावं. लबाडीसाठी नव्हे, जे खरं आहे ते चारही पत्रांत सारखं यावं म्हणून.

प्रवाहमर्यादा बसवली नाही हे वाक्य अनेकांना खटकेल. स्वतःच उणीव का सांगायची? पण मोटर कंट्रोलरमध्ये तो प्रश्न हमखास येतो. शाफ्ट हाताने धरला तर काय होईल, असं विचारतातच. मोटर अडली की तिच्यातला उलटा व्होल्टेज नाहीसा होतो आणि प्रवाहाला अडवायला उरतो तो गुंडाळीचा आणि मॉसफेटचा नगण्य रोध. मर्यादा नसेल तर मॉसफेट जळतो. हे ठाऊक असून चाचणीसाठी सुरक्षित सप्लाय वापरला, असं लिहिणाऱ्या मुलीच्या हाती कारखान्यातलं कार्ड निर्धास्तपणे देता येतं. ज्यांनी शंट रेझिस्टर लावून प्रवाह मोजला असेल त्यांनी तो भाग जरूर लिहावा, पण एडीसीचं वाचन पीडब्ल्यूएमच्या कुठल्या क्षणी घेतलं हे सांगायची तयारी ठेवावी. मॉसफेट चालू-बंद होण्याच्या क्षणी घेतलेलं वाचन खोटं येतं, आणि ते स्पंदाच्या मध्यावर घ्यावं लागतं. पुढचा प्रश्न तिथूनच येणार.

डेड टाइमचंही तसंच. एकाच शाखेतले वरचा आणि खालचा मॉसफेट क्षणभरही एकत्र चालू राहिले तर सप्लाय सरळ शॉर्ट होतो. म्हणून मध्ये थोडा रिकामा वेळ ठेवतात. या चिपचा प्रगत टायमर तो स्वतः घालतो आणि 72 मेगाहर्ट्झला 72 काउंट म्हणजे एक मायक्रोसेकंद. पण "एक मायक्रोसेकंद का?" याचं उत्तर मॉसफेट बंद व्हायला लागणाऱ्या वेळेत आहे, आणि तो डेटाशीटमध्ये वाचलेला किंवा स्कोपवर पाहिलेला असायला हवा. इंटरनेटवरच्या उदाहरणातून उचललेला आकडा पत्रात घालू नये.

पदवीचं वाक्य मला सर्वांत गरजेचं वाटतं आणि ते पत्रांत जवळजवळ कधीच नसतं. डिप्लोमाचा उन्हाळी निकाल लागतो आणि पाठोपाठ अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाची प्रवेशप्रक्रिया सुरू होते. विभागप्रमुखाला हे पक्कं माहीत असतं. जूनमध्ये घेतलेला ट्रेनी मोटर आणि टूलचेन ओळखीची होईपर्यंत थांबतो आणि मग कॉलेजला निघून जातो, ही त्याची खरी काळजी असते. डिप्लोमाच्या अर्जावर त्याचं बोट थांबतं ते बहुधा इथे. पत्रात याचं उत्तर असेल तर तो प्रश्न मनातल्या मनात अर्जाविरुद्ध वापरला जात नाही. मात्र ते खरं असलं तरच लिहायचं. प्रवेश घ्यायचा विचार असेल तर तसं सांगून किती महिने काम करता येईल ते लिहावं. घरची ओढाताण, पहिली नोकरी आणि पदवीची इच्छा या तिन्ही गोष्टी एकाच महिन्यात समोर येतात, हे मी जाणतो. तरीही समोरच्याला अंधारात ठेवून मिळवलेली जागा ट्रेनीला स्वतःलाच जड जाते. नंतर त्याच पॉलिटेक्निकमधून येणाऱ्या धाकट्या मुलांच्या अर्जांकडेही तिथे त्याच नजरेने बघितलं जातं.

अप्रेंटिसशिपचा उल्लेख थोडक्यात असला तरी नेमका हवा. ट्रेनी हे कंपनीचं स्वतःचं पद. अप्रेंटिस हा 1961 च्या अप्रेंटिस कायद्याखालचा करार, आणि 1973 च्या दुरुस्तीपासून डिप्लोमाधारकही त्यात येतात. जाहिरातीत "ट्रेनी" लिहून प्रत्यक्षात अप्रेंटिस घेणाऱ्या कंपन्याही असतात. आधी करार झालेला असेल तर पुन्हा नोंदणीत अडचण येते, म्हणून एक वाक्य पुरतं.

ज्यांचा प्रोजेक्ट फक्त प्रोटिअसमध्ये झाला, कार्ड बनलंच नाही, त्यांनी काय करावं? तसं लिहावं. सिम्युलेशनमध्ये मॉसफेट जळत नाही आणि हॉलच्या तारेवर नॉइज येत नाही हे वाचणारा जाणतो. पण टायमर भरण्याचा वरचा बिघाड सिम्युलेशनमध्येही सापडतो, कारण तो गणितातला आहे. हॉलचे सिग्नल कृत्रिमरीत्या तयार करून, त्यांची वारंवारता कमी करत नेली की 38 च्या खाली आकडा उडताना दिसेल. मोटर हातात न आलेल्या मुलालाही ही हकीकत स्वतःच्या अनुभवातून लिहिता येते. फक्त "बनवला" या क्रियापदाऐवजी "सिम्युलेशनमध्ये तपासला" असं लिहावं लागतं.

आणि ज्यांचा प्रोजेक्ट विकत घेतलेला होता, त्यांच्यासाठीही वाट बंद नाही. कार्ड घरात पडलेलं असतंच. निकाल आणि मुलाखत यांच्यामध्ये काही आठवडे असतात. कोड उघडावा, मोटर सावकाश फिरवावी, चिकटपट्टी लावून मोजावं, आकडा कुठे चुकतो ते शोधावं. मग पत्रात "कॉलेजच्या प्रोजेक्टचा मूळ कोड तयार मिळालेला होता, त्यातली वेगमोजणी मी नंतर दुरुस्त केली" असं लिहिलं तर ते चालतं. कारखान्यात ट्रेनीच्या हातात येणारं पहिलं काम असंच असतं. दुसऱ्याने लिहिलेला, काही वर्षं चालत असलेला कोड, आणि एका ग्राहकाची तक्रार की कमी वेगात मोटर थांबते.

दुव्यांबद्दल शेवटचं. वाचणारा फार तर एक फाइल उघडेल, म्हणून वेगमोजणीची फाइल वर ठेवावी आणि तिच्या जोडीला काय बिघडलं होतं ते सांगणाऱ्या पाच ओळी. विक्रेत्याच्या लायब्ररीच्या शेकडो फाइल्स वेगळ्या फोल्डरात. व्हिडिओत संगीत नको, शीर्षकपट्टी नको. शाफ्टवरची चिकटपट्टी आणि पडद्यावरचा आकडा एकाच चौकटीत दिसावा, आणि लक्ष्य 60 वरून 30 वर आणताना कॅमेरा बंद करू नये.